कानाने सोडवायची रहस्यकथा: सुगावा आवाजात कसा पेरावा?

प्रश्न: आम्ही साताऱ्यातील चार मित्र मिळून पंचवीस मिनिटांची एक रहस्यकथा ऑडिओ स्वरूपात करत आहोत. सगळे सुगावे कानानेच मिळावेत आणि शेवटाआधी श्रोत्याला स्वतः उत्तर काढता यावे, अशी इच्छा आहे. पण कच्चा भाग ऐकवला की लोक एकतर पाचव्या मिनिटाला चोर ओळखतात, नाहीतर शेवटी “हे कधी आलं होतं?” असे विचारतात. मधला मार्ग कसा काढावा?

उत्तर:

तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे. सुगावा लपवायचा म्हणून आपण तो हळू आवाजात ठेवतो, संवादाच्या खाली दाबतो किंवा संगीतात मिसळतो. मग तो ऐकूच येत नाही. हे लक्षात आल्यावर आपण तोच आवाज एकदम मोठा करतो, किंवा एखाद्या पात्राच्या तोंडी “अरे, हा कसला आवाज?” असे वाक्य घालतो, आणि सगळे उघडे पडते. छापील कथेत वाचक पान उलटून मागे जाऊ शकतो. ऐकणारा मागे जात नाही, कारण तो पोळ्या लाटत असतो, एसटीत बसलेला असतो किंवा गाडी चालवत असतो. त्यामुळे माझा नियम असा आहे की सुगाव्याचा आवाज नेहमी स्वच्छ, मोकळा आणि पूर्ण ऐकू यायला हवा, आणि त्या क्षणी श्रोत्याचे लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीत गुंतलेले हवे. लपवायचा असतो तो आवाजाचा अर्थ.

हा अर्थ श्रोत्याच्या हाती आपोआप येत नाही, कारण नुसता आवाज फार संदिग्ध असतो. कढईतील तळण आणि पत्र्यावरचा पाऊस ध्वनिमुद्रणात जवळजवळ सारखेच वाटतात. म्हणून सुगावा ठरणारा प्रत्येक आवाज श्रोत्याला आधी निरुपद्रवी प्रसंगात ‘शिकवावा’ लागतो. तो कशाचा आहे, कुठला आहे आणि एरवी कसा वाजतो, हे कानाला माहीत झाले की मगच त्यातील फरक कळतो. आकाशवाणीच्या नभोनाट्यांवर वाढलेल्या आमच्या पिढीला हे वेगळे सांगावे लागत नसे, कारण तिथे दाराची कडीसुद्धा पहिल्या प्रवेशात ओळख करून घेऊनच येत असे.

हे तत्त्व तोंडी सांगून फारसे उपयोगाचे नाही, म्हणून मी कार्यशाळेत शिकवताना वापरतो तो कथेचा आराखडा इथे उलगडून दाखवतो. कथा काल्पनिक आहे, पण ती मिरजेत घडते, आणि तेही मुद्दाम. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक आहे. त्यामुळे सतारमेकर गल्लीतील एखादा कारखाना म्हटल्यावर श्रोत्याच्या मनात जागा लगेच उभी राहते आणि वर्णनाची वाक्ये वाचतात.

अण्णा हे वाद्य बनवणारे वयस्कर कारागीर आहेत. त्यांच्याकडे दुरुस्तीला आलेला एक जुना, मौल्यवान तंबोरा जानेवारीतील एका संध्याकाळी नाहीसा होतो. संशयित तीनच आहेत: कारखान्यात काम करणारा भाचा, तो तंबोरा विकत मागून नकार ऐकलेली गायिका, आणि वाद्यांसाठी भोपळे घेऊन येणारा टेम्पोवाला. तिघांपेक्षा जास्त संशयित घेऊ नयेत. ऐकणाऱ्याला चौथा आवाज लक्षात ठेवणे जड जाते, आणि मग तो चोराऐवजी ‘आत्ता कोण बोलतंय’ हेच शोधत बसतो. शोध घेणारी व्यक्ती म्हणजे अण्णांच्या पत्नी, निवृत्त संगीतशिक्षिका, ज्यांना सगळे ‘मामी’ म्हणतात. तंबोरा भाच्याने नेला आहे. हे सिद्ध करणारे सुगावेही तीनच आहेत: एक माणूस सांगतो, दुसरा खोटे उघड करतो आणि तिसरा वस्तूचा ठाव देतो.

पहिला सुगावा कारखान्याच्या शटरचा आहे. हे शटर खाली ओढताना निम्म्यावर अडकते. पहिल्याच प्रवेशात अण्णा दुकान बंद करतात तेव्हा आवाज येतो तो असा: घर्रर्र, खट्, क्षणभर शांतता, मग लाथेचा धाड् आणि पुन्हा घर्रर्र. अण्णा म्हणतात, “याला रोज एक लाथ लागते, त्याशिवाय झोपत नाही.” एवढ्यावर श्रोता हसून पुढे जातो, पण त्याच्या कानाला या शटरची चाल कळलेली असते. चोरीच्या रात्री समोरच्या घरातील अंगणातून आपण तेच शटर ऐकतो, आणि या वेळी फक्त एक बारीक टक् येऊन शटर एका दमात खाली जाते. कुणीतरी ते आधी किंचित वर उचलून मग ओढले आहे. यानंतरच्या प्रवेशांत टेम्पोवाला शटर ओढतो तेव्हा ते अडकते, गायिका आत आल्यावर वारा येतो म्हणून अर्धे ओढू पाहते तेव्हाही अडकते, आणि बऱ्याच वेळाने भाचा ओढतो तेव्हा टक् होऊन ते सरळ खाली जाते.

भाच्याचा हा प्रसंग कसा रचायचा, यावर सगळे अवलंबून आहे. त्याचे शटर वाजते त्याआधीच्या वाक्यात गायिकेने एक खळबळजनक गोष्ट सांगितलेली असावी, म्हणजे श्रोत्याचे डोके तिच्याकडे धावते. पण शटर वाजत असताना कुणीही बोलू नये. संहितेत मी ते असे लिहितो:

गायिका: त्या संध्याकाळी मी इथं आले होते, मामी. दार वाजवलं. कुणी उघडलं नाही.
(दोन सेकंद शांतता.)
भाचा: मामी, चला, उशीर झाला. बंद करतो मी.
(टक्. घर्रर्रर्र. शटर जमिनीला टेकते. मागून वाद्यांच्या तारांची हलकी गुंज.)
मामी: दार वाजवलंस... किती वाजता?

इथे शटरचा आवाज सुमारे तीन सेकंद पूर्ण मोकळा ऐकू येतो. तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तो ‘दुकान बंद झाले’ एवढ्यापुरता घेतात, कारण त्यांना गायिकेच्या उत्तराची घाई असते. शटर टेकल्यावर ताणलेल्या तारा हादऱ्याने आपोआप घुमतात. ही गुंज प्रत्येक वेळी ठेवली की जागा हीच आहे, याबद्दल शंका उरत नाही. समोरच्या अंगणातून ऐकताना मात्र ती येणार नाही. तिथे शटर ओळखू यावे म्हणून शेजारीण एवढेच म्हणते, “अण्णांनी आज उशिरापर्यंत काम केलेलं दिसतंय.” शटरचे हे सगळे प्रकार एकाच खऱ्या शटरवर, एकाच बैठकीत ध्वनिमुद्रित करा. इंटरनेटवरून वेगवेगळ्या शटरचे आवाज घेतलेत, तर श्रोत्याला शटर ओढण्याच्या पद्धतीतील फरक कळण्याऐवजी शटरांमधीलच फरक ऐकू येईल, आणि सुगावा तिथेच मोडेल.

दुसरा सुगावा सर्वांत अवघड, आणि म्हणूनच माझा आवडता. तो आहे न आलेल्या आवाजाचा. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तासासाठी घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, हे तुम्ही वाचले असेलच. आपल्या कथेत भाच्याच्या काल्पनिक गावात असाच सातचा भोंगा आहे. फरक एवढाच की तिथे बंद होतो तो फक्त टीव्ही. चोरीच्या संध्याकाळी आपण गावी होतो, असे भाचा सांगतो. त्या वेळी तो मामींशी फोनवर बोलत होता, आणि मामींच्या घरात ठोक्यांचे जुने घड्याळ आहे. फोन चालू असताना घड्याळात सात वाजतात. भोंगा मात्र येत नाही.

‘नसलेला’ आवाज कानाला सहसा जाणवत नाही. तो जाणवण्यासाठी आधी त्याची अपेक्षा तयार व्हावी लागते. म्हणून कथेच्या सुरुवातीला, चोरीच्या आदल्या आठवड्यात, भाचा खरोखर गावी असताना तसाच फोन होतो. घड्याळाचे ठोके सुरू होतात, पलीकडून भोंगा उठतो, आणि मामी वैतागून म्हणतात, “तुझा भोंगा आणि माझं घड्याळ, दोघं एकदमच ओरडतात. थांब, ठोके पडू देत.” ठोके पडत असताना मामींना कुणाचे बोलणे खपत नाही, हा त्यांचा स्वभावही इथेच प्रस्थापित होतो. चोरीच्या संध्याकाळच्या फोनात त्या पुन्हा एवढेच म्हणतात, “थांब, ठोके पडू देत.” दोन ठोक्यांमध्ये सुमारे दीड-दोन सेकंद जातात, म्हणजे सात ठोक्यांना दहा-बारा सेकंद लागतात. एवढा वेळ आपल्याला फक्त ठोके आणि फोनच्या पलीकडची शांतता ऐकू येते. बोलण्यावर ठोके टाकले असते तर चार-पाचनंतर कुणीच मोजले नसते. इथे मात्र मोजायला दुसरे कामच नाही.

ही शांतता पूर्ण कोरी ठेवू नका. ध्वनिपट्टीवर काहीच नसले की श्रोत्याला फोन कटला किंवा फाइल बिघडली असे वाटते. पलीकडे बंद खोलीची बारीक सरसर असू द्या, आणि भाच्याचा आवाजही बंद खोलीत बोलल्यासारखा किंचित घुमू द्या. आदल्या आठवड्याच्या फोनात त्याच्यामागे गोठ्यातील हालचाल आणि मोकळे अंगण असावे. हा फरक कुणी पकडला तर उत्तमच, पण उत्तर त्यावर अवलंबून ठेवू नये.

न आलेल्या आवाजाचा पुरावा वापरला की हुशार श्रोता लगेच पळवाटा शोधतो, आणि त्या बुजवणे हे लेखकाचे काम आहे. तो म्हणेल, त्या दिवशी वीज नसेल, भोंगाच वाजला नसेल. म्हणून पुढे त्याच गावात घर असलेला टेम्पोवाला भोपळ्यांच्या भावाबद्दल कुरकुर करताना मध्येच बोलून जातो की, ज्या दिवशी तुमच्याकडे चोरी झाली त्या दिवशी भोंगा झाला, बायकोने टीव्ही बंद केला, मग मी जेवलो आणि गाडी काढली. श्रोता म्हणेल, घड्याळ मागेपुढे असेल. म्हणून फोन सातच्या बराच आधी सुरू होतो आणि ठोक्यांनंतरही बराच चालतो, म्हणजे चार-दोन मिनिटांच्या फरकाने काही बिघडत नाही. ध्वनी क्षेत्रातील एखादा म्हणेल, मोबाइल फोन पार्श्वभूमीचा सलग आवाज आपोआप दाबतात, मग भोंगा ऐकू कसा येणार? शंका रास्त आहे, कारण अनेक फोनमध्ये गोंगाट कमी करणारी प्रक्रिया असते आणि ती सलग सूर खाऊन टाकू शकते. पण आदल्या आठवड्यात त्याच फोनवरून, त्याच अंगणातून भोंगा आलेला आपण ऐकवला आहे. कथेच्या जगात हा फोन भोंगा पोहोचवतो, हे ठरून गेले आहे. पहिला फोन अशी दोन कामे करतो, म्हणून तो कापायचा मोह आवरा. वेळ वाचवायला निघालेला संपादक पहिली कात्री नेमकी तिथेच लावतो.

फोनचा आवाज तयार करताना साध्या कॉलची मर्यादा लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. भोंग्याचा मुख्य सूर त्या पट्ट्यात बसतो ना, हे आधी तपासा. शक्य असेल तर खरा कॉल लावून, समोरच्या टोकाला ध्वनिमुद्रण करून पाहा. संगणकावर फिल्टर लावून केलेला ‘फोन’ आणि खरा फोन यांत श्रोत्याला लगेच फरक कळतो.

तिसरा सुगावा तंबोऱ्याचा. इथे संगीत न जाणणाऱ्या श्रोत्यावर अन्याय होण्याचा धोका मोठा आहे. ‘हा तंबोरा अर्ध्या सुराने उतरलेला आहे’ असा सुगावा ठेवला तर तो गाणाऱ्यांनाच कळेल, आणि बाकीच्यांना शेवटी फसवले गेल्यासारखे वाटेल. सूर लक्षात ठेवणे बहुतेकांना जमत नाही. दोन आवाज शेजारी ठेवून त्यांतील फरक ओळखणे मात्र जवळजवळ सर्वांना जमते. तंबोऱ्याची रचना इथे आपल्या मदतीला येते. चार तारा क्रमाने छेडल्या जातात: पंचम, मग दोन जोड, मग खर्ज. मधल्या दोन्ही जोडतारा एकाच षड्जात लावलेल्या असतात. म्हणजे एकच सूर लागोपाठ दोनदा ऐकू येतो. त्यांपैकी दुसरी तार जर बद्द वाजत असेल, तर सूर न कळणाऱ्यालाही ‘एक बोलली, दुसरी मुकी राहिली’ हे कळते.

हा बद्दपणा येतो कुठून, तेही कथेत एकदा ऐकवून घ्यावे. घोडीवरून जाणाऱ्या तारेखाली सुताचा बारीक दोरा सरकवून योग्य जागी आणला की जवारी खुलते आणि तार झंकारते. दोरा नसला की तीच तार कोरडी लागते. अण्णा पहिल्या प्रवेशात मामींच्या एका विद्यार्थ्याला हे दाखवतात: दोरा काढतात, तार ‘टुंग’ करून थांबते, दोरा सरकवतात आणि तीच तार लांबवर घुमत राहते. मग त्या जुन्या तंबोऱ्याकडे वळून म्हणतात, “याची घोडी इथं झिजलीय. हा दुसरा जोड बोलतच नाही. दोरा कितीही फिरवा. घासून देतो म्हटलं, तर मालक म्हणाले, वडिलांच्या हाताखाली झिजलीय, राहू दे.” त्यानंतर चार तारा एकदा सावकाश छेडल्या जातात. तिसरी बद्द. इथे घाई करू नका. एक फेरी पूर्ण ऐकवा, आणि दुसरी संवादाच्या मागे जाऊ द्या.

पुढे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामी सांगलीतील एका हळद व्यापाऱ्याच्या बंगल्यात जातात. बायकांची गडबड, बांगड्या, तिळगूळ. कोपऱ्यात एक लहान मुलगी सजावटीला ठेवलेल्या तंबोऱ्याच्या तारा एकेक करून ओढते. चार सूर येतात, तिसरा बद्द. आई ओरडते, “हात लावू नकोस गं!” मामी त्या वेळी काहीच बोलत नाहीत, फक्त हातातील वाण खाली ठेवल्याचा आवाज येतो. मूल तारा छेडते ही कल्पना मला सोयीची वाटते, कारण मूल तारा वाजवत नाही, एकेक करून चाळते, आणि त्यामुळे चारही सूर सुटे ऐकू येतात. इथे गायिका ठेवली असती तर तिला तो मुका जोड एका फेरीत कळला असता, आणि मग तिने तो दुरुस्त का केला नाही, हा नवाच प्रश्न उभा राहिला असता.

या सुगाव्यामुळे एक पथ्य मात्र पाळावे लागते: कथेत कुठेही तंतुवाद्याचे पार्श्वसंगीत नको. मराठी श्रोत्याला मागे तंबोरा वाजण्याची इतकी सवय आहे की बंगल्यातील तंबोरा तो संगीतकाराच्या खात्यावर टाकून मोकळा होईल. जे आवाज पात्रांना ऐकू येतात आणि जे फक्त श्रोत्याला ऐकू येतात, त्यांची जात वेगळी ठेवलीच पाहिजे. मी अशा कथेत प्रवेशांच्या मध्ये फक्त एखादा कोरडा तालवाद्याचा ठोका ठेवतो, आणि तो पहिल्या मिनिटापासून सारखाच ठेवतो.

खोटे कोण बोलू शकते, याचाही करार आधीच ठरवून घ्या. पात्रे हवे तेवढे खोटे बोलोत. गायिकेची अस्वस्थता, टेम्पोवाल्याची उडवाउडवी ही सगळी दिशाभूल चालते. पण ध्वनी आणि निवेदक यांनी खोटे बोलू नये. उत्कंठेसाठी चोरीच्या रात्री कुत्रा भुंकवलात आणि शेवटी त्याचा काहीच संबंध नाही असे निघाले, तर श्रोता पुढच्या कथेत तुमच्या कोणत्याही आवाजावर विश्वास ठेवणार नाही. सजावटीचा आवाज आणि सुगाव्याचा आवाज यांत फरक असा करावा की सजावट सलग, मागे आणि बिनचेहऱ्याची असते. एकदाच येणारा, समोरचा, ठळक आवाज नेहमी कशाचा तरी असावा.

चोवीस मिनिटांच्या कथेत मी वेळेची मांडणी साधारण अशी ठेवतो. पहिल्या सात मिनिटांत तिन्ही आवाज शिकवून होतात. चोरी आणि तो दुसरा फोन आठव्या ते दहाव्या मिनिटात येतात. हळदीकुंकू आणि भाच्याचे शटर सतराव्या मिनिटाच्या आत आटोपतात. त्यानंतर नवा पुरावा एकही नाही. पुढची तीन मिनिटे मामी तिघांशी पुन्हा बोलतात, आणि त्या बोलण्यात सुगाव्यांची नावे न घेता त्या जागांची आठवण निघते: फोन, शटर, बंगला. विसाव्या मिनिटाला कथा थांबते. ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेत 1939 मध्ये सुरू झालेल्या एका रेडिओ मालिकेत उत्तराआधी कथा थांबवून स्टुडिओतील पाहुण्यांना गुन्हेगार कोण ते विचारत असत. तुमच्याकडे पाहुणे नाहीत, पण थांबणे तुमच्या हातात आहे.

ध्वनिमिश्रणाबद्दल थोडेच सांगतो, कारण त्यात लोक गरजेपेक्षा जास्त अडकतात. बरेच श्रोते फोनच्या स्पीकरवर किंवा एकाच कानात इअरफोन घालून ऐकतात, त्यामुळे डाव्या-उजव्या बाजूवर अवलंबून असलेला सुगावा ठेवूच नका. फोनचे छोटे स्पीकर खालचे सूर फारसे देत नाहीत. काळी एक मध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे 69 हर्ट्झचा असतो. त्याचा मूळ सूर अशा स्पीकरवर जवळजवळ ऐकूच येत नाही, कानापर्यंत पोहोचतात ते त्याचे वरचे अंश. आपला सुगावा जोडतारेवर आहे आणि फरक झंकाराचा आहे, म्हणून तो तिथेही टिकतो. एकूण पातळी, आवाजाचा जाणवणारा मोठेपणा मोजणाऱ्या लफ्स या एककात, स्टिरिओसाठी सुमारे -16 ठेवा. सुगाव्याच्या आधी आणि नंतर निदान एक सेकंद संवाद नको. सॉफ्टवेअरने गोंगाट काढताना मात्र सावध राहा, कारण तीच प्रक्रिया तंबोऱ्याच्या आवाजाची घुमत राहणारी शेपटी कापते. मग झंकारणारी तारही बद्द वाटू लागते, आणि श्रोत्याला दोन जोडांतील फरक उरत नाही.

आता चाचणीबद्दल, कारण ‘लगेच ओळखतात’ आणि ‘कधी आलं होतं’ यांतील नेमकी जागा फक्त तिथेच सापडते. तुम्हा चौघांनी चाचणी घेऊ नये, कारण तुम्हाला उत्तर माहीत आहे. कथेशी संबंध नसलेली सहा-सात माणसे घ्या. प्रत्येकाला वेगळे बसवा, किंवा त्याहून चांगले म्हणजे हातात काहीतरी काम असताना, फोनच्या स्पीकरवर ऐकवा. विसाव्या मिनिटाला थांबवून दोन प्रश्न विचारा: कोण, आणि कशावरून? पहिल्या उत्तरापेक्षा दुसरे महत्त्वाचे आहे. “भाचाच असणार, कथेत नेहमी घरचाच असतो” असे म्हणणाऱ्याने कथा सोडवलेली नाही, अंदाज केला आहे, आणि असे अंदाज कितीही आले तरी तुमचे सुगावे उघडे पडलेत असे समजू नका. तुमच्या पाचव्या मिनिटाला ओळखणाऱ्यांनाही आधी हाच दुसरा प्रश्न विचारून पाहा. त्यांच्यापैकी बरेच जण भाच्याच्या भूमिकेतील नटाच्या आवाजावरून ओळखत असतील. अपराधी पात्र करणारा नट नकळत आवाज खाली आणतो आणि वाक्यापूर्वी थांबतो. त्याला उकलीच्या पानांची संहिता बाकीच्या ध्वनिमुद्रणानंतर द्या, म्हणजे तो साधेपणाने बोलेल.

मग शेवटचा भाग ऐकवा आणि प्रत्येक सुगाव्यावर श्रोत्याचा चेहरा पाहा. “हो की, ऐकलं होतं मी!” असे आले तर सुगावा बरोबर बसला आहे, भले त्याला तो आधी जुळवता आला नसेल. “कधी?” असे आले तर तो आवाज नीट शिकवला गेलेला नाही. अशा वेळी सुगाव्याचा प्रसंग मोठ्याने वाजवू नका. मागे जाऊन शिकवण्याचा प्रसंग दुरुस्त करा. उदाहरणार्थ, न आलेला भोंगा कुणालाच आठवत नसेल, तर दुसऱ्या फोनात काही घालण्याची गरज नाही, पहिल्या फोनातील भोंगा आणि मामींचा वैताग अधिक ठसठशीत करा. उलट तिन्ही सुगावे सगळ्यांनाच जागच्या जागी कळत असतील, तर आवाजाला हात न लावता त्याच्या आधीचे वाक्य बदला आणि श्रोत्याचे लक्ष खेचणारी बातमी तिथे आणा. सहा जणांपैकी दोन-तीन जणांनी कारणांसह उत्तर काढले आणि उरलेल्यांना शेवटी सगळे आठवले, की मी तेवढ्यावर थांबतो.

उकल करतानाही आवाजाकडूनच काम घ्या. मामींनी लांबलचक भाषण करू नये. त्या भाच्याला फक्त एवढेच सांगतात, “शटर ओढ बरं.” टक्, घर्रर्र. मग अण्णांना ओढायला सांगतात: घर्रर्र, खट्. त्यानंतर फोनचा तो भाग, ठोक्यांसह, जसाच्या तसा पुन्हा वाजतो, आणि शेवटी बद्द जोड. हे तुकडे मूळ प्रवेशातीलच, त्याच पातळीवर घ्यावेत. उकलीत ते अधिक ठळक करून वाजवले, तर मागे जाऊन पडताळणाऱ्या श्रोत्याला मूळ जागी वेगळाच आवाज सापडेल.

प्रसारणाच्या वेळी कथा आणि उकल या दोन वेगळ्या फाइली करा आणि उकलीची फाइल चार-पाच दिवसांनी चढवा. दोन्ही एकदम चढवल्यात तर बहुतेक ॲप पुढचा भाग स्वतःहून सुरू करतात, आणि हात पिठात असलेला श्रोता विचार करायच्या आतच उत्तर ऐकून बसतो. एकाच फाइलमध्ये ठेवणे भागच असेल, तर मध्ये मामींच्या घड्याळाची नुसती टिकटिक निदान अर्धा मिनिट चालू द्या, आणि त्याआधी कथेबाहेरच्या आवाजात एकच वाक्य ठेवा: “सगळं तुमच्या कानावर आलेलं आहे. थांबवायचं असेल तर इथं थांबवा.”